मॉनिटरच्या मागची पोर्ट

नवा मॉनिटर जोडण्याआधी पलंगावर मऊ चादर पसरून तो पालथा ठेवा. बहुतेक मॉनिटरच्या पोर्टांची तोंडे खाली असतात. उभ्या मॉनिटरमागे हात घालून, चाचपडत केबल खुपसली तर पिना वाकतात.

निळे, पंधरा छिद्रांचे, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेले पोर्ट म्हणजे १९८७ सालचे व्हीजीए. त्यातून अ‍ॅनालॉग चित्र येते, त्यामुळे अक्षरांच्या कडा किंचित धूसर दिसतात. दुसरा मार्ग असेल तर हे सोडून द्यावे.

खालचे दोन्ही कोपरे तिरके असतील तर ते एचडीएमआय, एकच कोपरा कापलेला असेल तर डिस्प्लेपोर्ट. चित्र आणि आवाज दोन्ही दोघांतूनही येतात. डिस्प्लेपोर्टच्या केबलला बहुधा एक खटका असतो. तो न दाबता ओढाल तर पोर्टच तुटेल.

मात्र पोर्टचा आकार पाहून त्याची ताकद कळत नाही. समजा, ४के मॉनिटर जुन्या लॅपटॉपला एचडीएमआयने जोडला. चित्र स्वच्छ आले, पण माउसचा बाण अडखळत सरकतो. अशा वेळी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये Advanced display उघडून रिफ्रेश रेट पाहा. तिथे ३० हर्ट्झ दिसले, तर पडदा सेकंदाला तीसच वेळा नवे चित्र दाखवतो आहे. साठ वेळा दाखवायचे तर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट माहिती यावी लागते, आणि एचडीएमआय १.४ मधून चित्रासाठी जेमतेम ८ गिगाबिट येते. महागडी केबल आणूनही हे सुधारणार नाही, कारण मर्यादा लॅपटॉपच्या पोर्टची आहे. त्याच लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट १.२ असेल, तर त्यातून ६० हर्ट्झ मिळतात. ही केबल घेताना दोन्ही टोके डिस्प्लेपोर्टचीच घ्या. एका टोकाला एचडीएमआय असलेली साधी केबल एकाच दिशेने चालते: कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टकडून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे. उलटी लावली की पडदा काळाच राहतो.

मॉनिटरवरच्या यूएसबी पोर्टांत माउस किंवा पेनड्राइव्ह लावला आणि काहीच घडले नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. शेजारी एक चौकोनी, वरचे कोपरे छाटलेले यूएसबी पोर्ट दिसेल. त्यातून कॉम्प्युटरपर्यंत वेगळी केबल न्यावी लागते. ती जोडल्याशिवाय मॉनिटरवरच्या बाकीच्या यूएसबी पोर्टांतून माहितीची ये-जा होत नाही.

यूएसबी-सी असेल तर ही दोन्ही कामे एका केबलने होऊ शकतात, शिवाय लॅपटॉप चार्जही होतो. पण लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टला चित्र पाठवता आले पाहिजे. काही पोर्टांना ते जमत नाही, म्हणून लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहून घ्या. मॉनिटर किती वॅट देतो हेही तपासा. १५ वॅट देणाऱ्या मॉनिटरवर ६५ वॅट मागणारा लॅपटॉप काम करता करता रिकामा होत जाईल.