खेचाखेची होते, भांडण का होत नाही?

विरार लोकलमधल्या रोजच्या ग्रुपमध्ये ज्याची सगळ्यात जास्त खेचली जाते, त्याच्यासाठीच जागा धरून ठेवलेली असते. बाहेरच्याला हे कोडं वाटतं, आणि त्यातूनच काही समज पक्के होतात.

गैरसमज : मनात साठलेला राग असा बाहेर पडतो.

ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये चिडलेल्या विद्यार्थ्यांना, चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं. त्यांचा राग वाढला. काहीच न करता बसलेल्यांचा कमी राहिला. म्हणजे ग्रुपमधली खेचाखेची ही भडास असती, तर महिन्याभरात ग्रुप फुटला असता. इथे चालतो तो विश्वासाचा व्यवहार: मी तुला इतकं लागट बोलतोय आणि तू ते मनाला लावून घेणार नाहीस, याची दोघांनाही खात्री आहे. परक्याशी हे जमत नाही, म्हणूनच ते जवळिकीचा पुरावा ठरतं.

गैरसमज : वर्मावर बोट ठेवलं की जास्त रंगत येते.

उलट आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मुलांची शिवीगाळ अभ्यासून विल्यम लबोव्ह यांनी 1972 मध्ये दाखवलं, की खेळातला टोमणा सगळ्यांना उघडच खोटा वाटला पाहिजे. समजा, कुणी म्हणालं, ‘‘तुझ्या चपात्या लावूनच वैतरणेचा पूल उभा आहे.’’ उत्तर येतं, ‘‘तुझ्या आमटीत तर वसईची खाडी दिसते, तळासकट!’’ हसणारे निकाल देतात, पुढचा वार येतो. पण कुणी म्हणालं, ‘‘तुला कामावरून काढलं ना?’’ आणि ते खरं असेल, तर उत्तरात टोमणा येत नाही, खुलासा येतो: ‘‘तसं नाही रे...’’ खुलासा आला की खेळ मोडला, हे ओळखावं.

गैरसमज : याला ताळतंत्र नसतं.

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून, वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. हाच बोरीचा बार. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, मध्ये ओढा, शिवाय पोलीस बंदोबस्त. एवढी चौकट असते म्हणून जीभ मोकळी सोडता येते. लग्नात विहिणीला गाण्यातून टोमणे मारतात तेव्हाही चौकट हीच. मांडव उतरला की ते शब्द चालत नाहीत.

मानाचा प्रश्न मात्र राहतोच. साहेबाने हाताखालच्याची रोज टिंगल करायची आणि त्याने फक्त हसायचं, याला मी खेळ मानत नाही. तपासायचं एकच: त्याच धारेचं उलट उत्तर त्याला देता येतं का? बोरिवलीला उतरण्यासाठी विरार फास्टमध्ये चढलेल्या एकट्या माणसावर दारातला घोळका तुटून पडतो, तेव्हा शब्द कदाचित तेच असतील. पण त्याला उत्तर देण्याची मुभा नसते, म्हणून ती दादागिरीच असते.