तिसऱ्या बेडसाठी कर्ज

ठाण्यातल्या एखाद्या वसाहतीत तळमजल्यावरच्या गाळ्यात दोन बेडचा स्पा आहे असं धरू. शनिवार-रविवारी फोन घेता घेता मालकीणबाईंची दमछाक होते. त्यांना तिसरा मसाज बेड, स्टीम केबिन आणि फेशियलचं यंत्र घ्यायचं आहे. कर्जाच्या अर्जात बहुतेक जण ‘मागणी खूप आहे’ एवढं लिहून मोकळे होतात. पण बँकेच्या अधिकाऱ्याला त्या वाक्याचा काही उपयोग नसतो. त्याला हवी असते अपॉइंटमेंटची वही.

या बाईंनी तीन महिने एक साधं काम केलं. वेळ देता आली नाही, तो प्रत्येक फोन वहीत लाल शाईने लिहिला. महिन्याला साधारण साठ नोंदी झाल्या. पैकी चाळीसच जण खरोखर येतील, असं त्यांनी धरलं. बाराशे रुपये दराने महिन्याला ४८ हजार जमा होतील. पण बेड एकटा कमावत नाही. नव्या थेरपिस्टचा पगार १८ हजार, शिवाय तेल, टॉवेलची धुलाई, वीज यांचे प्रत्येकी दोनशे म्हणजे आठ हजार. हातात उरतात २२ हजार.

आता खर्चाची बाजू. यंत्रांचं कोटेशन सहा लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यसेवांवरचा कर पाच टक्के झाला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली. म्हणून हे १ लाख ८ हजार प्रकल्पखर्चातच धरायला हवेत. स्टीमच्या यंत्राला वीज जास्त लागते. महावितरणकडचा मंजूर भार वाढवणं आणि वायरिंग यांना आणखी ९२ हजार. एकूण आठ लाख. त्यातले दोन लाख स्वतःचे, म्हणजे मार्जिन, आणि सहा लाख कर्ज. ही रक्कम मुद्रा योजनेच्या ‘तरुण’ गटात बसते आणि तिथे तारण लागत नाही. १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १३,३५० रुपये येतो.

अधिकारी इथे थांबून विचारतो: चाळीसऐवजी पंचवीसच आले तर? मग नव्या बेडमधून फक्त सात हजार सुटतात, हप्ता भागत नाही. जुन्या दोन बेडवर घरखर्च वजा जाता वीस हजार उरत असतील, तरच प्रस्ताव तग धरतो. माझ्या मते हे पंचवीसचं गणित अर्जात आपणहून मांडावं.

आणि अर्ज अडकतो तो बहुधा या वीस हजारांवर. गिऱ्हाइकांचे पैसे घरातल्या कुणाच्या खात्यावर यूपीआयने येतात, थोडे रोख असतात, विवरणपत्रात त्यातले निम्मेच दिसतात. वही काहीही सांगो, बँक विवरणपत्र आणि खात्याचा उतारा पाहते. त्यामुळे अर्जाच्या निदान वर्षभर आधी सगळी जमा धंद्याच्या चालू खात्यात यायला लागावी.

मंजुरी मिळाली तरी रक्कम साधारणपणे बाईंच्या हाती येत नाही. आधी त्या मार्जिन भरतात, मग बँक विक्रेत्याच्या खात्यावर थेट पैसे पाठवते.