मदतीचं पत्र लिहायचंय? आधी हिशेब मांडा

परभणीत कॉलेजला असलेल्या कुणाच्याही मोबाईलवर असा फोन येऊ शकतो. पाथरीजवळच्या गावातून मावशी बोलत असते. "बाळा, पोरीच्या हृदयाला छिद्र सांगितलंय. ऑपरेशनला तीन लाख ऐंशी हजार लागतील म्हणले. तू शिकलेला हाईस, मोबाईलवर टाकायला काहीतरी चांगलं लिहून दे."

आपण लगेच लिहायला बसतो. पहिली ओळ ठरलेलीच असते, 'एका चिमुकलीची मृत्यूशी झुंज'. सोबत नळ्या लावलेला फोटो आणि शेवटी 'फक्त ४८ तास उरलेत'. इथेच पत्र घसरतं. डॉक्टरांनी ४८ तास म्हटलेलंच नसतं.

म्हणून मावशीला आधी कागद मागा. किमान तीन हवेत. एक, टू-डी इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, तारखेसह. दोन, ऑपरेशन कधीपर्यंत करायला हवं, हे डॉक्टरांनी स्वतः लिहिलेली चिठ्ठी. तीन, हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं खर्चाचं अंदाजपत्रक. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलं, तर त्याला 'व्हीएसडी' म्हणतात. लहान छिद्रं बऱ्याचदा आपोआप बुजतात. छिद्र मोठं असेल तर बाळाला दूध पिताना घाम फुटतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. फार उशीर झाला तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर कायमचा ताण येतो आणि मग छिद्र बुजवणंही शक्य राहत नाही. म्हणजे घाई खरी असू शकते, पण ती किती, हे चिठ्ठीत असेल तेवढंच लिहायचं.

आता पैशाकडे. तीन लाख ऐंशी हजार हा आकडा एका खासगी हॉस्पिटलचा आहे. लोकांसमोर हात पसरण्याआधी दोन दारं ठोठवायची. पहिलं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला येणारं डॉक्टरांचं पथक याच कार्यक्रमाचं असतं. जन्मतः असलेले हृदयदोष त्यात येतात आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना जिल्हा रुग्णालयामार्फत पुढे पाठवता येतं. दुसरं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला आणि इकोचा रिपोर्ट घेऊन त्याच्याकडे जायचं. १५५३८८ या नंबरवर फोन करून जवळचं कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे, हेही विचारता येतं. याशिवाय खारघरचं श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटल मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत करतं. तिथे बिल करायचा काउंटरच नाही.

समजा, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये मंजुरी मिळाली. मग ३ लाख ८० हजारांचं पत्र खोटं ठरतं, मावशीला तसं वाटत नसलं तरी. पण गरज संपत नाही. योजनेत ऑपरेशन बसतं, पेशंटचं जेवण बसतं. सोबतच्या आईबापाचं वीस दिवस शहरात राहणं-खाणं बसत नाही. तपासणीसाठी पुन्हा पुन्हा जाणंही त्यांच्याच खिशातून. सालगड्याच्या घरात एवढ्यावरूनच ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

हा नमुना हिशेब बघा. प्रवास ९ हजार. वीस दिवसांची खोली, रोजचे ६०० धरून १२ हजार. दोघांचं जेवण, रोजचे ४०० धरून ८ हजार. सहा महिन्यांची औषधं आणि तपासण्या १८ हजार. एकूण ४७ हजार. घरात आणि भावकीत मिळून १५ हजार जमले. तूट ३२ हजार. पत्र या ३२ हजारांचंच लिहायचं. ते असं असू शकतं:

"नमस्कार. आम्ही पाथरी तालुक्यात राहतो. मी सालगडी आहे, बायको शेतात रोजाने जाते. आमच्या चार वर्षांच्या मुलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. तीन महिन्यांत ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. ऑपरेशनचा खर्च जन आरोग्य योजनेतून मंजूर झाला आहे, त्यासाठी आम्ही पैसे मागत नाही. राहणं, प्रवास आणि नंतरची औषधं मिळून ४७ हजार लागतील. १५ हजार आमच्याकडे आहेत. ३२ हजार कमी पडतात. बुडालेली मजुरी आम्ही सोसू. ३२ हजार जमले की तसं कळवू आणि मदत घेणं थांबवू. जास्त आले तर देणाऱ्याला विचारून परत करू किंवा वॉर्डातल्या दुसऱ्या मुलाला देऊ. दर पंधरा दिवसांनी हिशेब पाठवू. रिपोर्ट बघायचे असतील तर घरी या किंवा फोन करा. देता आलं नाही तरी काही हरकत नाही."

यात 'बिचारी' नाही, 'तुमच्या पायाशी' नाही. मुलगी चार वर्षांची आहे हे कळतं, तिचं पूर्ण नाव, शाळा, चेहरा कळत नाही. फोटो हवाच असेल तर घरी खेळतानाचा, तोही आईबाप हो म्हणाले तर. ती पंधरा वर्षांची होईल तेव्हा तो फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असेलच. आधारकार्ड आणि रिपोर्टचे फोटोही ग्रुपवर टाकू नका, प्रत्यक्ष विचारणाऱ्याला दाखवा.

'मदत घेणं थांबवू' ही ओळ नेहमी राहून जाते. फॉरवर्ड झालेलं पत्र मागे घेता येत नाही, वर्षभरानेही फिरत राहतं. म्हणून वर तारीख आणि खाली शेवट हवाच. दुसरा धोका क्यूआर कोडचा. मजकूर तोच ठेवून कोड बदलला की पैसे भलत्याच्या खात्यात. म्हणून खातेदाराचं नाव मजकुरातही लिहा आणि पैसे टाकताना स्क्रीनवर तेच दिसतंय ना, हे बघायला सांगा. रक्कम लाखांत असेल तर पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाऊ द्या. आणखी एक, कुटुंबाला थेट दिलेल्या पैशावर देणाऱ्याला ८०-जीची करसवलत मिळत नाही. ती नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर असते. पत्रात तसं आश्वासन नको.

सगळ्यात अवघड ओळ निकालाची. २०२१ साली पिंपरी-चिंचवडमधल्या एका चिमुकलीसाठी लोकांनी १६ कोटींच्या इंजेक्शनचे पैसे उभे केले. इंजेक्शन जूनमध्ये मिळालं आणि ऑगस्टमध्ये ती गेली. तिच्या घरच्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, देणाऱ्यांचंही काही चुकलं नव्हतं. पैशाने उपचार मिळतो, जीव मिळेलच असं नाही. त्यामुळे 'तुमच्या शंभर रुपयांनी ती वाचेल' असं लिहू नका. 'तिचं ऑपरेशन होईल' एवढंच लिहा.

पत्र झालं की आधी मावशीला वाचून दाखवा. "हे सगळं खरं हाय ना? गावात कुणी वाचलं तर चालंल?" दोन्हीला ती हो म्हणाली, तरच पाठवा.