ग्राहकसंख्येची शहानिशा

प्रश्न : ‘आमचे इतके लाख ग्राहक आहेत’, असे एखादी कंपनी सांगते. हा आकडा पडताळता येतो काय?

उत्तर : येतो, मात्र नुसती यादी मोजून नव्हे. अमेरिकेत ‘फ्रँक’ नावाची कंपनी विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मदतीचे अर्ज भरून देण्यास साहाय्य करी. आपले ४२ लाखांवर ग्राहक आहेत, असा तिचा दावा होता. प्रत्यक्षात ते ३ लाखही नव्हते. २०२१ साली जेपी मॉर्गन चेस बँकेने ती साडेसतरा कोटी डॉलरना विकत घेतली. त्याआधी तिऱ्हाइताकडून पडताळणीही झाली होती. पण त्याने पाहिले ते एवढेच, की यादीत तितक्या ओळी आहेत व रकाने भरलेले आहेत. ओळीमागे माणूस आहे की नाही, हे तपासलेच गेले नाही. ती यादी कृत्रिम रीतीने तयार करवून घेतलेली होती!

पुढे बँकेने ग्राहकांची नावे मागितली, तेव्हा बाजारातून विकत घेतलेली विद्यार्थ्यांची नावे पुरवण्यात आली. बँकेने त्यांपैकी सुमारे ४ लाख जणांना ई-पत्रे धाडली. शंभरातली अवघी २८ पोहोचली. तेथे बिंग फुटले, आणि २०२५ साली संस्थापिका न्यायालयात दोषी ठरली.

तेव्हा यादीतील काही नावे आपणच, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवडावीत आणि त्या माणसांनाच विचारावे, ‘या कंपनीशी तुमचा व्यवहार झाला आहे काय?’ पत्र पोहोचले म्हणजे माणूस आहे, इतकेच ठरते. तो ग्राहक आहे की नाही, हे त्याच्या उत्तरावरूनच कळते.