कढईतलं तेल, ताटातलं तेल

कोथिंबीर वडी तळायला कढईत अर्धा लिटर तेल ओतावं लागतं, तव्यावर तीच वडी चार चमच्यांत होते. म्हणून तव्यावरची वडी कितीतरी कमी तेलकट, असं आपण धरून चालतो. पण कढईतलं बहुतेक तेल कढईतच राहतं. तव्यावर ओतलेलं मात्र जवळजवळ सगळं पोटात जातं.

खरा आकडा वजनकाट्यावर कळतो. तळण्याआधी कढई तेलासकट तोलावी. तळण झालं की तेल पूर्ण गार होऊ द्यावं आणि पुन्हा तोलावं. समजा, वीस वड्या तळल्यावर वजन ६० ग्रॅमने घटलं. वड्या निथळायला ठेवलेला कागदही आधी आणि नंतर तोलला, तर त्यात ८ ग्रॅम तेल गेलेलं दिसलं. उरले ५२ ग्रॅम, म्हणजे वडीमागे साधारण अडीच ग्रॅम. पाच वड्यांच्या बशीत १३ ग्रॅम तेल आलं. एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या, तर नुसत्या तेलाच्या ११७.

आता तवा. पोह्याचा मोठा चमचा १५ मिलिलिटरचा धरला, तर त्यात जेमतेम १४ ग्रॅम तेल मावतं, कारण तेल पाण्याहून हलकं असतं. चार चमच्यांचे ५६ ग्रॅम झाले. तव्यावर १० ग्रॅम उरलं, तर वीस वड्यांनी ४६ ग्रॅम घेतलं आणि बशीत साडेअकरा ग्रॅम आलं. फरक दीड ग्रॅमचा! दोन चमच्यांत भागवलं, तर मात्र तो खरोखर मोठा होतो. अडचण अशी, की एक बाजू भाजताना तवा कोरडा दिसतो आणि आपण न मोजता आणखी धार सोडतो. म्हणून तव्यासाठी लागणारं तेल आधीच वाटीत मोजून घ्यावं आणि त्यातूनच वापरावं.

वडी तेल पिते ती मुख्यतः कढईतून बाहेर आल्यावर. तळताना आतल्या पाण्याची वाफ बाहेर झेपावत असते, ती तेलाला आत शिरू देत नाही. वडी बाहेर काढली की वाफ निवते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल ओढलं जातं. म्हणून वडी झाऱ्यावर कढईच्या वरच क्षणभर झटकावी आणि लगेच, गरम असतानाच, जाळीवर किंवा कागदावर पसरावी. गार झाल्यावर टिपून फारसं काही निघत नाही.

तेल १७० ते १८० अंशांवर असावं. एका घाण्यात जास्त वड्या सोडल्या की ते निवतं, बुडबुडे मंदावतात, वडी रंगायला वेळ लागतो आणि हाताला तेलकट लागते.

हा हिशेब अंदाजाचाच आहे. ओट्यावर उडालेलं तेलही वडीच्या नावावर चढतं. उलट तळाशी बसलेला चुरा कढईचं वजन वाढवतो, त्यामुळे घट कमी दिसते. वड्या पातळ कापल्या, तर तेवढ्याच पिठाला तेल लागणारा पृष्ठभाग वाढतो, त्यामुळे जाड वडीचा आकडा त्यांना लावता येत नाही.