साडेतीन मिलिग्रॅम निळाई

चहा ओतला की निळा मग बघता बघता पांढरा पडतो आणि आतलं चित्र वर येतं. चहा निवला की निळाई परत. वाढदिवसाच्या भेटींत हा मग हमखास असतो. त्यात रंग किती असतो, याचा मी एकदा कागदावर अंदाज बांधला आणि तेव्हापासून त्याच्याकडे जरा आदरानं बघू लागलो.

मगाच्या रंगवलेल्या भागाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरा आणि शाईचा थर २० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका. या थरात साध्या शाईसारखा रंग कालवलेला नसतो. त्यात प्लास्टिकसारख्या राळेच्या इवल्या बंद कुप्या असतात, साधारण ५ मायक्रॉन व्यासाच्या. अर्धा थर कुप्यांचा मानला, तर एका मगावर त्या ३०० कोटी भरतात. सेकंदाला एक या वेगानं, न झोपता मोजत बसलात तर ९५ वर्षं लागतील.

प्रत्येक कुपीत तिघांचा संसार असतो. पहिला रंगद्रव्याचा रेणू. निळ्यासाठी बहुधा क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन. दुसरं एक सौम्य आम्ल. तिसरं आणि जागेनं सर्वांत मोठं, मेणासारखं घट्ट अल्कोहोल. ते टेट्राडेकॅनॉल असेल तर सुमारे ३८ अंशांना वितळतं. रंगद्रव्य वजनानं २ टक्के धरलं तरी एका कुपीत त्याचे सुमारे १६० कोटी रेणू बसतात, म्हणजे भारताच्या लोकसंख्येहून जास्त. अख्ख्या मगावर पाचावर अठरा शून्यं! आणि या सगळ्यांचं एकत्र वजन? जेमतेम साडेतीन मिलिग्रॅम, तांदळाच्या दाण्याचा सहावा हिस्सा.

मेण घट्ट असतं तेव्हा आम्ल रंगद्रव्याला चिकटून राहतं. त्याच्या संगतीत रेणूतलं एक कडं उघडतं, वाकडातिकडा रेणू सपाट होतो आणि तांबूस-पिवळा प्रकाश गिळू लागतो. आपल्याला उरलेला निळा दिसतो. मेण वितळलं की आम्ल त्या द्रवात रमतं, रंगद्रव्याची साथ सोडतं. कडं मिटतं, रंग जातो. निवताना मेण पुन्हा गोठतं, आम्लाला बाहेर ढकलतं आणि जुनी जोडी जमते. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, कारण तिथले रेणू कायमचे बदललेले असतात. इथे एक कडं उघडतं आणि मिटतं एवढंच. शिवाय कुपी बंद असल्यानं तिघांपैकी कुणी वितळून ओघळून जात नाही. कुपी नसती तर हा खेळ थोड्याच कप चहात आटोपला असता.

या सगळ्याला उष्णता किती लागते? मगावरचं सगळं मेण मिळून ग्रॅमचा सहावा हिस्सा. ते वितळवायला सुमारे ३५ ज्यूल पुरतात. २०० मिलिलिटर चहा अंशाच्या पंचविसाव्या हिश्श्यानं निवला की तेवढी उष्णता मिळते. चिनी माती तापवण्यातच चहाचे दहा-बारा अंश जातात; चहा गार होण्याचा दोष रंगाला देऊ नये.

कपाळावर लावायच्या ताप मोजणाऱ्या पट्टीचं तंत्र मात्र निराळं. तिच्यात द्रवस्फटिकांचे रेणू गोल जिन्यासारखे पिळलेले असतात. जिन्याच्या एका पूर्ण फेऱ्याची उंची प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असते, आणि तिच्यावर कोणता रंग परतायचा हे ठरतं. तापमान वाढलं की पीळ घट्ट होतो, रंग लाल, हिरवा, निळा असा सरकतो. लालपासून निळ्यापर्यंत फेऱ्याची उंची घटते ती साधारण १३० नॅनोमीटर; आपलं नख तेवढं दोन मिनिटांत वाढतं. ऊब गेली की पीळ सैल. इथे तर रासायनिक बंधही उघडत नाही.

मगाकडे परत येऊ. रंग जातो त्याच तापमानाला परत येईलच असं नाही. मेण गोठायला थोडं जास्त निवावं लागतं. हीच दरी मुद्दाम रुंदावून पायलट कंपनीनं फ्रिक्शन पेन काढलं: घासलं की ६० अंशांच्या वर शाई अदृश्य होते आणि उणे १० अंशांच्या खाली गेल्याशिवाय परतत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत वही कोरी झाली, तर ती घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून बघावी.

उन्हानं मारलेला मग मात्र फ्रीझरमध्येही जिवंत होत नाही. अतिनील किरणं रंगद्रव्याचा रेणूच तोडतात, आणि डिशवॉशरचं गरम, क्षारीय पाणी कुप्यांची भिंत खातं. ओळखायचं कसं? मगात बर्फाचं पाणी भरा. पाच मिनिटांनीही तो धुरकट, दुधाळ निळाच राहिला, तर त्या ३०० कोटींपैकी बऱ्याच कुप्या कामातून गेल्या.