सातबाऱ्याचा फोटो आणि क्षेत्रातले दोन ठिपके

सातबाऱ्यावर क्षेत्र ०.४०.०० असं लिहिलेलं असतं, म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, शून्य चौरस मीटर. मधले दोन ठिपके गेले की उरतं ०४०००, आणि त्याचा अर्थ कुणी काहीही लावू शकतं. अर्जासोबत शेतकरी उताऱ्याचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवतो आणि संगणक त्यातून गट क्रमांक, नाव, क्षेत्र उचलतो. ते ठिपके टिकतात की जातात, हे पुष्कळदा अक्षरं वाचायला सुरुवात होण्याआधीच ठरून गेलेलं असतं.

कागद वाकडा ठेवलेला असणं आणि मोबाईल तिरका धरलेला असणं, हे दोन वेगळे दोष आहेत. पहिल्यात अख्खं चित्र नुसतं फिरलेलं असतं. पण तेवढ्यानेही बिघडतं. २००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत एका अंशाचा कल असेल, तर ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ३५ पिक्सेल खाली उतरते. तक्त्यातली एक ओळ जेमतेम ४०-५० पिक्सेल उंच असते, त्यामुळे डावीकडचं नाव एका खातेदाराचं आणि उजवीकडचं क्षेत्र शेजारच्याचं, अशी जोडी लागू शकते.

मोबाईल तिरका असला की लांबची कड आखूड दिसते आणि आयताचा समलंब होतो. तो कितीही फिरवला तरी आयत होत नाही. त्यासाठी कागदाचे चार कोपरे शोधावे लागतात. या रूपांतराच्या गणितात आठ अज्ञात संख्या असतात आणि प्रत्येक कोपरा दोन समीकरणं देतो, म्हणून चार कोपरे नेमके पुरतात. पांढऱ्या चादरीवर ठेवलेल्या कागदाची कड सापडत नाही, किंवा अंगठा कोपऱ्यावर येतो. अशा वेळी उताऱ्यावरच्या तक्त्याची छापील चौकट कामी येते, कारण तिलाही चार कोपरे आहेतच.

हे गणित कागद सपाट आहे असं धरून चालतं. खिशात चार घड्या घालून ठेवलेल्या उताऱ्याचा प्रत्येक भाग वेगळ्या उतारावर असतो. दुरुस्तीनंतरही तक्त्याची आडवी रेघ घडीपाशी मोडलेली दिसली, तर तिथले आकडे विश्वासाचे नाहीत. शिवाय लांबची बाजू ताणून मोठी केली तरी तिथे मुळात न टिपलेला तपशील येत नाही.

कोपरे अचूक मिळाले नाहीत तर थोडा कल उरतो. तो मोजण्यासाठी चित्र अर्ध्या-पाव अंशाने फिरवून प्रत्येक आडव्या रांगेतली काळी शाई मोजतात. ज्या कोनात काही रांगा गच्च आणि मधल्या मोकळ्या होतात, तो बरोबर कोन. देवनागरीत हे विशेष छान जमतं, कारण ओळीतल्या सगळ्या शिरोरेघा एकाच रांगेत येऊन बसतात.

सावलीचा दोष जास्त फसवा आहे. मोबाईल धरणाऱ्या हाताची सावली अर्ध्या पानावर पडली आहे असं समजू. शून्य म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं या मापाने उजेडातला कागद २२० आणि त्यावरची फिकट शाई ११० भरते. सावलीतला कागद ९० आणि शाई ४५. म्हणजे सावलीतला कोरा कागद उजेडातल्या शाईपेक्षाही काळा! काळं-पांढरं वेगळं करायला १३० ही एकच सीमा ठेवली तर सावलीचा पट्टा संपूर्ण काळा होतो. ती ७० वर आणली तर उजेडातली अक्षरं पुसली जातात.

उपाय भागाकाराचा आहे. आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यावरून त्या जागी कोरा कागद किती उजळ असता याचा अंदाज घ्यायचा आणि प्रत्येक पिक्सेलला त्या संख्येने भागायचं. ११० भागिले २२० म्हणजे अर्धा, आणि ४५ भागिले ९० म्हणजेही अर्धाच. शाई दोन्हीकडे सारखी झाली. वजाबाकी केली असती तर फरक ११० आणि ४५ असे वेगळेच राहिले असते. अंदाज घेण्याचा पट्टा मात्र अक्षरापेक्षा बराच मोठा हवा, नाहीतर जाड अक्षराचं पोटच कागद समजलं जातं आणि अक्षर पोकळ होतं.

काळं-पांढरं करणं हे सगळ्यात शेवटी, कारण तसं झालेलं चित्र फिरवलं की कडा करवतीसारख्या होतात. त्यानंतर धुळीचे बारीक ठिपके पुसण्याची सवय असते, आणि मला सर्वात धोक्याची वाटते ती हीच पायरी. त्यात ‘शिंदे’चा अनुस्वार जातो आणि ०.४०.०० मधले ठिपकेही. क्षेत्राच्या रकान्यात ही सफाई करूच नये.

चूक पकडायची सोय उताऱ्यातच आहे. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब मिळून एकूण क्षेत्र व्हायला हवं: ०.३८.०० आणि ०.०२.०० मिळून ०.४०.००. बेरीज जुळली नाही तर आकडा पुढे न पाठवता शेतकऱ्याकडून दुसरा फोटो मागवावा, आणि मागताना घडी सपाट करा, चारही कोपरे दिसू द्या, सावली टाळा, यांपैकी नेमकं काय चुकलं ते सांगावं.